जर्मनीच्या ग्राहकांना मेल नेमका कधी पाठवायचा : प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून हे काम माझ्याकडे. आम्ही यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज करून देतो, आणि जर्मनीत मध्यम आकाराच्या यंत्रबांधणी कंपन्या हे आमचे बरेचसे ग्राहक. यादीत चारशेच्या आसपास पत्ते आहेत. दर तिमाहीच्या आधी त्या सगळ्यांना एक मेल जातो. पुढच्या तीन महिन्यांत आमच्याकडे किती माणसं मोकळी आहेत, तुमचं काय काम येणार आहे, आणि कधीपर्यंत हवंय, एवढंच त्यात असतं. मेल प्रत्येकाला त्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअरच्या नावाने जातो, म्हणजे उत्तरही त्याच्याकडेच येतं.

आतापर्यंत हा मेल मजकूर तयार झाला की जायचा, आणि मजकूर तयार होतो संध्याकाळी. आमच्याकडे सव्वासहा वाजले की जर्मनीत हिवाळ्यात पावणेदोन वाजलेले असतात, कारण त्या दिवसांत अंतर साडेचार तासांचं असतं.

या वेळेने काय होतं ते एका जुन्या पत्रव्यवहारावरून मांडून बघितलं. मंगळवारी सव्वासहाला मेल गेला. समोरच्याने तासाभरात, त्याच्या दोन-चाळीसला, विचारलं की स्टेप फाइल देतो, त्यावरून टूडी शीट्स करून द्याल का. तेव्हा इथे सात-दहा झालेले, ऑफिस बंद. आपलं उत्तर बुधवारी सकाळी सव्वादहाला गेलं, तेव्हा तिकडे पहाटेचे पावणेसहा. त्याने ते आठला आल्यावर वाचलं आणि आठ-चाळीसला 'ठीक आहे, पाठवतो' लिहिलं. आपल्याकडे बुधवारी दुपारचे एक-दहा.

तोच मेल त्याच्या सकाळी नऊ-वीसला पोचला असता, तर त्याचा प्रश्न दहाच्या सुमारास आला असता, आपलं उत्तर पुढच्या पाऊण तासात गेलं असतं, आणि त्याच्या जेवणाच्या सुट्टीआधी विषय संपला असता. म्हणजे मंगळवारीच, आपल्या चारच्या आत. आणि असा संध्याकाळचा मेल शुक्रवारी गेला तर विषय सरळ सोमवारवर जातो.

त्यामुळे 'चांगली वेळ' म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवतो. मेल किती जणांनी उघडला हा माझा प्रश्न नाही. मेल, त्यांचा प्रश्न, आपलं उत्तर आणि त्यांचा होकार हे सगळं दोन्ही ऑफिसं एकाच वेळी उघडी असतानाच्या पट्ट्यात बसलं पाहिजे. हिवाळ्यात हा पट्टा त्यांच्या सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत, म्हणजे आपल्या साडेबारापासून साडेसहापर्यंत. त्यातला बारा ते एक हा त्यांच्या जेवणाचा तास वजा करायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विक्री बघणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, "मेलमध्ये ट्रॅकिंगचं चित्र टाकूया ना. कोण कधी उघडतो ते आपोआप कळेल."

हे पूर्वी चालायचं. मेलमध्ये एक अदृश्य, एका पिक्सेलचं चित्र असतं. मेल उघडला की ते सर्व्हरवरून ओढलं जातं आणि वेळ नोंदली जाते. पण सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने आयओएस १५ सोबत मेलसाठी गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर अॅपलचे सर्व्हर मेलमधली चित्रं स्वतःच आधी ओढून ठेवतात, माणसाने मेल बघितला असो वा नसो. म्हणजे तिथे 'उघडला' ही नोंद यंत्राची, वेळही यंत्राची. आउटलुकचं उलट. तिथे बाहेरची चित्रं मुळातच अडवलेली असतात, त्यामुळे माणूस मेल दोनदा वाचून उत्तरही देतो आणि आपल्या नोंदीत तो 'न उघडलेला' राहतो. आमचे ग्राहक बहुतेक आउटलुकवाले.

मग दुव्यावरच्या क्लिक मोजाव्यात? कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा आलेल्या मेलमधले दुवे स्वतःच उघडून तपासतात. मेल पोचल्यावर काही सेकंदांत सगळ्या दुव्यांवर एकदमच क्लिक पडली असेल, अगदी खालच्या 'यादीतून काढा'वरसुद्धा, तर ती या यंत्रणेची समजायची.

शिवाय जर्मनीत माणसाच्या वाचण्यावर अशी पाळत ठेवायची तर त्याची संमती लागते. जाहिरातीच्या मेललाच तिथे स्पर्धाविषयक कायद्याच्या कलम ७ नुसार आधी स्पष्ट संमती लागते. जुन्या ग्राहकाला तशाच प्रकारच्या सेवेबद्दल लिहिण्याची सवलत आहे, पण तिच्या अटी आहेत, आणि 'नको' म्हणायचा मार्ग प्रत्येक मेलमध्ये द्यावा लागतो. तो आपण देतो. उगाच त्यावर पिक्सेलचं लोढणं नको.

ठरलं : फक्त माणसाने लिहिलेली उत्तरं मोजायची.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढची सूचना अर्थातच यादीचे दोन भाग करायची. अर्ध्यांना मंगळवारी सकाळी पाठवा, अर्ध्यांना गुरुवारी दुपारी, आणि कुणाची उत्तरं जास्त येतात ते बघा. ऐकायला बरोबर वाटतं. मोजून बघितलं तर आमच्या यादीला ते झेपत नाही.

समजा प्रत्येक भागात दोनशे पत्ते आहेत आणि शंभरातले पाच जण उत्तर देतात. म्हणजे एका भागातून दहा उत्तरं. वेळेचा काहीही परिणाम नसला, तरी हा दहाचा आकडा नुसत्या योगायोगाने तीनेकने इकडेतिकडे होतो. दोन भागांमधला फरक तर चार-साडेचारने सहज हलतो. त्यामुळे एकीकडे दहा आणि दुसरीकडे पंधरा उत्तरं आली, तरी 'पंधरावाली वेळ चांगली' असं म्हणता येत नाही. आणि मोह मात्र तेच म्हणायचा होतो, कारण पंधरा म्हणजे दीडपट!

उलट बाजूनेही हिशेब केला. खरोखरच एका वेळी शंभरात पाच आणि दुसऱ्या वेळी शंभरात आठ उत्तरं येत असतील, तर तो फरक भरवशाने पकडायला प्रत्येक भागात हजाराच्या थोडे वर पत्ते लागतात. (नेहमीचंच प्रमाण धरलं आहे : ९५ टक्के खात्री, आणि फरक असेल तर तो दिसण्याची शक्यता ८० टक्के.) आमच्याकडे दोन्ही मिळून चारशे. मेल तीन महिन्यांतून एकदा जातो, म्हणजे तेवढे पत्ते जमायला वर्ष उलटेल, आणि तोवर सुट्ट्या, मंदी, माणसांची बदली असं सगळं त्यात मिसळलेलं असेल.

'मंगळवारी सकाळी दहा' हा सल्ला सगळीकडे सापडतो. तो बहुधा लाखो पत्त्यांवर वार्तापत्रं पाठवणाऱ्यांच्या 'उघडला'च्या नोंदींवरून निघालेला असतो. त्या नोंदींचं काय झालंय ते परवाच लिहिलं. शिवाय कुणाचे दहा, हेही त्यात क्वचितच लिहिलेलं असतं.

विभागणीचा प्रयोग रद्द.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोग नाही, पण माहिती आपल्याच इनबॉक्समध्ये पडून आहे. ग्राहकांनी गेल्या दोन वर्षांत आपल्याला पाठवलेला प्रत्येक मेल सांगतो की तो माणूस त्या क्षणी टेबलाशी बसून मेलचंच काम करत होता. मेलच्या हेडरमध्ये वेळ असते :

```
Date: Tue, 14 Jan 2025 08:52:31 +0000
```

हे वाचताना एक खाचखळगा आहे. शेवटचं `+0000` बघून वाटतं की पाठवणारा लंडनच्या वेळेवर आहे आणि आठ-बावन्नला लिहितोय. तसं नाही. मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरून निघालेले मेल बहुतेकदा जागतिक वेळेतच शिक्का मारतात, पाठवणारा कुठेही असो. हा ग्राहक जर्मनीतला, म्हणजे त्याच्या घड्याळात नऊ-बावन्न झाले होते. दुसऱ्या एखाद्या मेलप्रोग्रॅममधून आलेल्या मेलवर `+0100` असतं. तेव्हा हेडरमधला तास तसाच्या तसा उचलायचा नाही. त्यातून निश्चित क्षण काढायचा आणि तो ग्राहकाच्या वेळपट्ट्यात बदलून घ्यायचा :

```python
from email.utils import parsedate_to_datetime
from zoneinfo import ZoneInfo

t = parsedate_to_datetime(msg["Date"])
if t.tzinfo is not None:
    local = t.astimezone(ZoneInfo("Europe/Berlin"))
    print(local.strftime("%a %H:%M"))
```

मधला `if` महत्त्वाचा. काही मेलवर `-0000` असतं, उणे चिन्हासह. त्याचा अर्थ 'पाठवणाऱ्याचा वेळपट्टा माहीत नाही'. पायथन अशा वेळेला पट्टा जोडतच नाही, आणि पुढची ओळ मग ती आपल्याच संगणकाच्या घड्याळातली धरते. एकही चूक न दाखवता तास सरकतात. असे मेल सरळ वगळले.

`Europe/Berlin` असं नाव देण्याचा फायदा हा की उन्हाळी-हिवाळी वेळ ते आपोआप सांभाळतं. 'जागतिक वेळ अधिक एक' असं लिहिलं असतं, तर गेल्या दोन्ही उन्हाळ्यांतले सगळे मेल एका तासाने चुकले असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळे मेल मोजणीत घ्यायचे नाहीत हे काल संध्याकाळी आलेख बघताना कळलं. त्यात दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान एक उंच टेकडी दिसत होती. जर्मन माणसं जेवून आल्यावर मेल लिहितात की काय असं क्षणभर वाटलं. कारण वेगळंच होतं. आपले मेल त्यांच्याकडे पावणेदोनला पडायचे, म्हणून उत्तरं त्यानंतर यायची! त्यांच्या दिवसाचा आलेख म्हणून आपण आपलीच सवय बघत होतो.

म्हणून उत्तरं काढून टाकली. ज्या मेलच्या हेडरमध्ये `In-Reply-To` किंवा `References` आहे तो उत्तराचा. ज्यात `Auto-Submitted: auto-replied` आहे तो 'मी रजेवर आहे'वाला यांत्रिक. उरले ते ग्राहकाने स्वतःहून सुरू केलेले. संख्या बरीच घटली, पण आता चित्र त्यांच्या दिवसाचं आहे.

टेकडी गेली. मेल सकाळी सातनंतर सुरू होतात, आठ ते साडेअकरा दाट, बारा ते एक खळगा, मग चारपर्यंत मध्यम, आणि त्यानंतर तुरळक. शुक्रवारी एकनंतर जवळजवळ काहीच नाही. तिकडे बऱ्याच कंपन्यांत शुक्रवारी लवकर निघतात, ते इथे स्वच्छ दिसतं.

सोमवारचा आलेख नुसत्या उंचीवरून चांगला वाटतो, सकाळी भरपूर मेल. म्हणून सोमवारचे काही उघडून वाचले. 'शुक्रवारी आलेल्या शीट नंबर तीनमध्ये बोअरचा टॉलरन्स सुटलाय', 'आज दुपारपर्यंत सुधारित फाइल हवी', अशी सगळी तातडीची. माणूस टेबलाशी आहे खरा, पण दोन दिवसांचं साठलेलं निपटतोय. पुढच्या तिमाहीचा विचार तो सोमवारी सकाळी करणार नाही.

मंगळवार, बुधवार आणि गुरुवार यांच्यात काही निवडण्यासारखा फरक नाही. जो दिसतो तो चौदा तारखेच्या हिशेबाने योगायोगात मोडतो. तेव्हा दिवस कामाच्या सोयीने निवडायचा. आमच्या मेलचं उत्तर देण्याआधी माणसाला बहुतेकदा त्याच्या उत्पादन विभागाला विचारावं लागतं. मंगळवारी मेल मिळाला तर विचारायला बुधवार आहे आणि कळवायला गुरुवार. गुरुवारी मिळाला तर मध्ये तो अर्धा शुक्रवार येतो.

या पद्धतीची मर्यादाही लिहून ठेवतो. माणूस लिहितो तेव्हा टेबलाशी असतो एवढंच यातून कळतं. वाचून बाजूला ठेवलेले मेल यात दिसत नाहीत. एका जुन्या ग्राहकाशी फोनवर दुसरं काही बोलताना हेही विचारून घेतलं. तो म्हणाला, "आठ ते नऊ आमची उत्पादनाची बैठक असते. त्याआधी रात्रीत आलेले मेल मी फक्त चाळतो. नऊनंतर येतात ते वाचतो." एका माणसाचं मत आहे, पण आलेखाशी जुळतं. आलेखात आठच्या आधी असलेले मेल एक-दोन ओळींचे आहेत, आणि लांब, विचार करून लिहिलेले नऊनंतर सुरू होतात.

तेव्हा मंगळवार, त्यांचे नऊ-वीस ते दहा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मजकूर तयार आहे, आणि साहेबांना मेल पुढच्याच मंगळवारी, चार मार्चला, जायला हवाय. कॅलेंडर उघडलं. तीन मार्च म्हणजे रोझेनमोन्टाग, कार्निव्हलचा सोमवार. जर्मनीच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत तो नाही, त्यामुळे कुठल्याही तयार सुट्टी-कॅलेंडरमध्ये तो दिवस कामाचाच दिसतो. पण कोलोन, ड्युसेलडॉर्फ, माइन्झ या ऱ्हाइनकाठच्या शहरांत त्या दिवशी ऑफिसं ओस असतात, आणि कार्निव्हलची धूम त्याच्या आधीच्या गुरुवारपासूनच, म्हणजे यंदा २७ फेब्रुवारीपासून, सुरू होते. चार तारखेला ही मंडळी कामावर आली, तरी तो त्यांचा सोमवार असणार.

आमचे किती ग्राहक त्या भागात आहेत हे बघायला पिनकोड उपयोगी पडला. जर्मन पिनकोड पाच आकडी असतो. ५० आणि ५१ ने सुरू होणारे कोलोनकडचे, ४० म्हणजे ड्युसेलडॉर्फ, ५५ माइन्झ, ७० श्टुटगार्ट, ८० आणि ८१ म्युनिक. पहिल्या दोन आकड्यांवर यादी लावली तर कोलोन-ड्युसेलडॉर्फचा गठ्ठा चांगलाच जाड निघाला. पिनकोडच्या आणि राज्यांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, पण अंदाजाला पुरतं.

सुट्ट्या तिकडे बऱ्याच अंशी राज्यानुसार बदलतात, हे पुढेही डोक्यात ठेवायला हवं. साहेबांना दाखवलं. म्हणाले, "मग आठवडाभर थांबू. घाई कसली, एप्रिलचंच तर विचारतोय." मेल ११ मार्चला.

४ मार्च, मंगळवार

आज मिनिटांचा विचार.

चारशे मेल एका दमात सोडायचे नाहीत. समोरचे सर्व्हर एकदम आलेल्या लोंढ्याकडे संशयाने बघतात. दर तीन सेकंदांना एक सोडला तर वीस मिनिटं लागतात, म्हणजे नऊ-वीसला सुरू करून नऊ-चाळीसला संपेल.

पण आपण सोडलेला मेल त्याच मिनिटाला पोचतो असं नाही. काही कंपन्यांचे सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम '४५१, नंतर या' असा तात्पुरता नकार देतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, स्पॅमवाले बहुधा करत नाहीत, एवढ्यावर ही युक्ती चालते. पुन्हा प्रयत्न कधी करायचा हे आपल्या सर्व्हरच्या सेटिंगवर असतं, आणि मेलच्या मूळ मानकात निदान तीस मिनिटं थांबावं अशी शिफारस आहे. म्हणजे नऊ-चाळीसचा मेल दहा-दहाला पोचू शकतो. आमच्या पट्ट्यात तेही बसतं. अकराला पाठवायचं ठरवलं असतं तर हाच उशीर जेवणाच्या सुट्टीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवता.

असा नकार आला का, हे आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये `status=deferred` शोधलं की कळतं, आणि खाली थोड्या वेळाने त्याच पत्त्यापुढे `status=sent` दिसायला हवं. आज परिचयाच्या दोन-तीन ग्राहकांना नेहमीच्या कामाचे मेल याच सर्व्हरवरून पाठवून बघितले. एकाकडे `deferred` आलं, नंतर गेला.

नऊ-वीस का, साडेनऊ का नाही? तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यावर सगळ्यांचे ठरवून लावलेले मेल सुटतात. त्या गर्दीच्या आधी सुरू करायचं एवढंच. याला फार मोठं महत्त्व नाही, पण फुकटात मिळतंय.

६ मार्च, गुरुवार

पहिला मेल ११ मार्चला, आणि ज्यांचं उत्तर नाही त्यांना आठवण १ एप्रिलला. या दोन तारखांच्या मध्ये ३० मार्च येतो. युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी, जागतिक वेळेनुसार रात्री एक वाजता, घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपलं घड्याळ हलत नाही. म्हणून ११ मार्चला त्यांचे नऊ-वीस म्हणजे आपले एक-पन्नास, आणि १ एप्रिलला तेच नऊ-वीस म्हणजे आपले बारा-पन्नास.

आपल्या किंवा सर्व्हरच्या घड्याळात वेळ लावून ठेवली, तर एप्रिलचा मेल तिकडे दहा-वीसला निघेल. कुठे काही अडणार नाही, कुणी तक्रार करणार नाही, फक्त ग्रेलिस्टिंगवाले मेल अकराच्या आसपास पोचतील आणि उत्तरं जेवणानंतर येतील. म्हणून वेळ लावताना ग्राहकाच्या वेळपट्ट्याचं नाव सोबत लिहायचं. आमच्या सर्व्हरवरच्या टायमरमध्ये ते असं :

```
OnCalendar=Tue *-*-* 09:20:00 Europe/Berlin
```

आणि लावण्याआधी तपासायला :

```
systemd-analyze calendar --base-time="2025-03-20" \
  --iterations=2 "Tue *-*-* 09:20:00 Europe/Berlin"
```

याने २५ मार्चला जागतिक वेळ ०८:२० आणि १ एप्रिलला ०७:२० दाखवली. तास सरकला, म्हणजे बरोबर आहे. दोन्ही ओळींत एकच वेळ दिसली असती तर पट्ट्याचं नाव कुठेतरी गळालंय असं समजायचं.

टायमर दर मंगळवारी जागा होतो. पाठवणारी स्क्रिप्ट आधी तारखांची छोटी फाइल बघते आणि आजची तारीख त्यात नसेल तर गप्प निघून जाते. सुट्ट्या वगळायचं गणित मशीनवर सोडलेलं नाही. पाठवायच्या तारखा माणसाने लिहायच्या.

हाताने, साध्या मेलबॉक्समधून 'नंतर पाठवा' लावणाऱ्यांसाठी : ती वेळ तुमच्या स्वतःच्या घड्याळातली असते. तिथे मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार भिंतीवर लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

१२ मार्च, बुधवार

काल मेल गेला. दुपारी एक-पन्नास ते सव्वादोन. इंजिनिअर मंडळींना सकाळीच सांगून ठेवलं होतं की दोन ते साडेचार जागेवर राहा, बैठक लावू नका. वेळ निवडण्यातला हा भाग बोलण्यात कधी येत नाही. त्यांच्या दहा वाजता आलेला प्रश्न आपल्याकडे पाच वाजेपर्यंत पडून राहिला, तर हा सगळा खटाटोप वाया.

पहिलं उत्तर मेल सुटणं संपायच्या आधीच आलं, पण ते रजेवर असल्याचं यांत्रिक. खरी उत्तरं अडीचपासून. एक संवाद सगळा इथे उतरवतो, कारण हेच हवं होतं. एक-अठ्ठावन्नला मेल. दोन-एकेचाळीसला प्रश्न : एप्रिलमध्ये वेल्डेड फ्रेमची बारा-पंधरा शीट्स आहेत, तुमचे लोक वेल्डिंगच्या खुणा जर्मन पद्धतीने घालतात का. तीन-दहाला आपल्या इंजिनिअरने एका जुन्या शीटचा नमुना जोडून उत्तर दिलं. तीन-त्रेपन्नला होकार आणि फाइल. तिकडे तेव्हा अकरा-तेवीस झाले होते.

सगळी उत्तरं अशी नाहीत. काही आज सकाळी आली, काही 'पुढच्या आठवड्यात सांगतो'. एकाने रात्री नऊला लिहिलंय. त्याच्यासाठी कुठलीच वेळ निवडता येणार नाही. पण मोजणी एकाच प्रश्नाची ठेवली : ज्यांनी काल उत्तर दिलं, त्यांच्यापैकी किती जणांशी आपला दुसरा मेलही कालच होऊ शकला. निम्म्याहून बरेच जास्त. संध्याकाळी पाठवायचो तेव्हा असं जवळजवळ कुणाशीच होत नव्हतं, आणि ते व्हायला जागाच नव्हती. इथे आकडेशास्त्राचीही गरज नाही. दोन ऑफिसं एकदम उघडी असली की संवाद होतो, नसली की होत नाही.

एकूण उत्तरं वाढली का? गेल्या वेळेपेक्षा थोडी जास्त दिसतात. त्यावर मी काही बोलणार नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आठवण गेली, बारा-पन्नासला. तिकडे नऊ-वीस, तपासलं. आता उन्हाळी वेळेमुळे अंतर साडेतीन तासांचं, आणि सामाईक पट्टा त्यांच्या दुपारी तीनपर्यंत लांबला.

पण उत्तरं आता आपल्या दीडच्या सुमारास येऊ लागतात, ऐन जेवणाच्या वेळी. सहकारी म्हणाला, "मग मेल तासभर उशिरा सोडू, आपलं जेवण होऊन जाईल." नको म्हटलं. त्यांचा दिवस घड्याळाबरोबर सरकलेला आहे, बैठक अजूनही आठ ते नऊच आहे. मेल पाठवायच्या दोन-तीन दिवसांपुरतं आपणच पाळीपाळीने जेवायचं. वर्षातून चार मेल आणि चार आठवणी. तेवढं जमतं.

२२ एप्रिल, मंगळवार

आज मंगळवार आहे आणि मेल पाठवायचा नाही.

ईस्टर रविवार २० ला होता. १८ चा गुड फ्रायडे आणि कालचा ईस्टर सोमवार, दोन्ही जर्मनीभर सुट्टीचे. म्हणजे आज त्यांचा आठवड्याचा पहिला दिवस, चार दिवसांचं साठलेलं घेऊन. शिवाय बऱ्याच राज्यांत शाळांना सुट्टी चालू आहे, म्हणजे मुलं असलेले निम्मे लोक रजेवर. सकाळपासून ग्राहकांकडून आलेले मेल सगळे सोमवारच्या जातीचे : 'तातडीने', 'आजच'.

तेव्हा नियमाचे शब्द बदलले. 'मंगळवार' खोडून 'त्यांच्या आठवड्यातला कामाचा दुसरा दिवस, पण गुरुवारच्या आधी' असं लिहिलं. नेहमीच्या आठवड्यात तो मंगळवारच येतो, ईस्टरनंतर बुधवार. टायमरची ओळ `Tue,Wed` केली, बाकी तारखांची फाइल बघून घेईल.

पुढच्या मेलसाठी मे-जून मांडून बघितले. १ मे गुरुवारी, सार्वत्रिक सुट्टी, आणि दोनचा शुक्रवार बरेच जण रजा टाकून जोडून घेतात. २९ मे गुरुवार, स्वर्गारोहणाची सुट्टी, पुन्हा शुक्रवार जोडलेला. ९ जूनचा सोमवार पेंटेकॉस्टचा, सगळीकडे सुट्टी. १९ जून गुरुवार, फ्रोनलाइखनाम. ही बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेमबर्ग, हेसन, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट आणि सारलँडमध्ये, म्हणजे आमच्या ग्राहकांच्या मोठ्या हिश्श्याला.

मंगळवारी प्रश्न, बुधवारी त्यांची अंतर्गत विचारपूस, गुरुवारी उत्तर असा सबंध आठवडा हवा असेल, तर मे महिन्यात ६, १३ आणि २० हे तीनच मंगळवार धडपणे उरतात. त्यातला ६ हा लांब सुट्टीवरून परतलेल्यांचा आठवडा. २० ला पाठवला तर 'पुढच्या आठवड्यात सांगतो' म्हणणाऱ्यांचा पुढचा आठवडा २९ तारखेवर आपटतो.

फाइलमध्ये लिहिलं : `2025-05-13`, आठवण `2025-06-03`. जुलै-सप्टेंबरचा मजकूर ९ मेपर्यंत तयार हवा, तसं साहेबांना कळवलं.